मदत हवी आहे: घरातल्या सगळ्या मोऱ्या एकदमच तुंबतायत, फरशी फोडावी लागेल का?

वैदेही_सांगली
आमचं घर सांगलीत, तळमजला आणि वर एक मजला, बांधकाम १९८६ चं. गेले दोन आठवडे सिंक, बेसिन, न्हाणीघर, संडास, सगळीकडचं पाणी हळू जातंय. वॉशिंग मशीनचं पाणी सुटलं की खालच्या न्हाणीघराच्या जाळीतून साबणाचा फेस वर येतो आणि संडासात गुडगुड आवाज होतो. प्लंबरने सिंकचा ट्रॅप उघडला, तो स्वच्छ निघाला. आता तो म्हणतो, आतली सगळी फरशी काढावी लागेल. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत आणि तेच न्हाणीघर वापरतात. परवा त्या फेसावरून घसरता घसरता वाचल्या. कुणीतरी नीट सांगा.

मीरा_ठाणे
आमच्याकडे चौथ्या मजल्यावर सिंक असंच तुंबलं होतं. बाजारात ड्रेन क्लीनरची पावडर मिळते, ती रात्री टाकून ठेवा, सकाळी मोकळं होतं.

साइटवरचा_दादा
मीराताई, तुमचं एकच सिंक होतं, म्हणून जमलं. यांच्या सगळ्या मोऱ्या एकदम अडल्या आहेत, म्हणजे अडथळा सगळं पाणी एकत्र होतं त्याच्या पुढे, मेन लाइनीत आहे. तिथे पावडर पोचेपर्यंत पातळ होते, आणि पाणी साचलेलं असेल तर तीच कॉस्टिक चेंबर उघडणाऱ्याच्या अंगावर उडते. वैदेहीताई, काहीही ओतू नका आणि फरशीला हात लावू देऊ नका. घराबाहेरच्या चेंबरची झाकणं एकेक करून उघडा. कुठलं भरलंय आणि कुठलं कोरडं आहे, एवढंच बघून सांगा.

नितीन_कोथरूड
गुडगुड आवाज म्हणजे व्हेंट पाइप बंद. गच्चीवर जाऊन बघा, आमच्या पाइपात साळुंकीने घरटं केलं होतं.

साइटवरचा_दादा
व्हेंट बंद असला की आवाज येतो आणि पाणी हळू जातं, हे खरं. पण खालच्या जाळीतून फेस वर येण्याचं कारण ते नाही. तरी गच्चीवर नजर टाकायला हरकत नाही.

वैदेही_सांगली
बघितलं. तीन चेंबर आहेत. स्वयंपाकघरामागचं आणि न्हाणीघराजवळचं काठोकाठ भरलंय. फाटकाजवळचं कोरडं, तळाचा चिखल भेगाळलाय. न्हाणीघर ते फाटक साधारण २२ फूट. मध्ये कंपाउंडला लागून उंबर आहे.

साइटवरचा_दादा
मग अडथळा त्या २२ फुटांत आहे. तिन्ही भरलेली असती तर पालिकेकडे तक्रार करायला सांगितलं असतं. आता कोरड्या चेंबरमधून वरच्या दिशेने बांबूची लांब पट्टी सारायला सांगा, माणूस वरूनच काम करेल, आत उतरायचं नाही. पट्टी अडेल तिथे चिंधी बांधा आणि बाहेर काढून मोजा. तुंबलेलं पाणी एकदम सुटतं, म्हणून तोंडासमोर उभं राहू नका. टोकाला काय चिकटून येतं ते बघा. पांढरट, साबणासारखा गोळा आला तर तेलकट गाळ. केसांच्या गुंतवळासारखं तपकिरी आलं तर मुळं.

वैदेही_सांगली
११ फुटांवर अडली, बरोबर उंबराच्या समोर. टोकाला मुळांचा झुपका आला, वेणीएवढा जाड, त्यात ओले पुसायचे कागद अडकलेले. चौथ्या वेळी पाणी सुटलं, आता सगळं जातंय. एवढंच पुरेल का?

साइटवरचा_दादा
थोडे दिवस. १९८६ चं काम म्हणजे बहुधा चिनी मातीचे पाइप, दोन-अडीच फुटांचे तुकडे, सुतळी आणि सिमेंट भरून जोडलेले. मुळं त्या सांध्यातूनच शिरतात. तुम्ही झुपका तोडला, फट तशीच आहे. जेटिंग मशीन बोलावलं तर मुळं आणखी साफ निघतील, पण सांधा त्यानेही बुजत नाही. ११ फुटांवरचा एकच तुकडा बदलू नका, बाकी सांधे त्याच वयाचे आहेत. पूर्ण २२ फूट पीव्हीसी टाका, सोल्युशनने जोडलेला. खोदाई बाहेरच्या बोळातच होईल. आधी गवंड्याकडून लेव्हल ट्यूबने दोन्ही चेंबरच्या तळांतला फरक काढून घ्या. चार इंची पाइपाला ४० फुटांत एक फूट उतार लागतो, म्हणजे तुम्हाला साडेसहा इंच.

वैदेही_सांगली
फरक ५ इंचच निघाला.

साइटवरचा_दादा
मग सहा इंची घ्या. त्याला ६० फुटांत एक फूट पुरतो, तुमचं साडेचार इंचांत भागेल.

नितीन_कोथरूड
त्यापेक्षा उंबरच काढून टाका ना.

साइटवरचा_दादा
शहरात पालिकेच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, १९७५ चा कायदा आहे. आणि पाइप घट्ट असेल तर उंबर राहिला तरी चालतो. माझी काळजी वेगळी आहे: न्हाणीघर ते स्वयंपाकघर हा वरचा टप्पाही तसाच जुना असेल. त्यातही पट्टी सारून बघितलीत का?

वैदेही_सांगली
तेव्हा नाही, आता बघितली. तिथे आठ फुटांवर थोडी अडते, पण पुढे जाते. टोकाला काहीच आलं नाही.

साइटवरचा_दादा
तिथे सांधा खचला असेल किंवा नुसती वळणाची जागा असेल, इथून सांगता येणार नाही. बोळ खोदाल तेव्हा न्हाणीघराजवळच्या चेंबरच्या तोंडाशी टॉर्च लावून आत बघा आणि फोटो टाका.