प्रतिसाद : कबुलीपत्रावरील समरी दावा

"कर्ज कबूल केल्याचे सहीचे पत्र आहे, तेवढ्यावर आदेश ३७ चालेल का?"

चालेल, परंतु पत्रात बाकी मान्य करण्यापलीकडे फेडीचे वचन आहे का, हे आधी पाहावे. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३७ म्हणजे समरी दावा, ज्यात प्रतिवादीला न्यायालयाच्या परवानगीशिवाय बचाव करता येत नाही; त्याला लेखी करारातून देय झालेली ठरीव रक्कम लागते आणि नुसती कबुली केवळ दावा लावण्याची मुदत वाढवते, असा बचाव हमखास येतो. वाशीच्या एका प्रकरणात मे २०२१ मध्ये ५ लाख रुपये हातउसने दिले होते आणि मार्च २०२४ च्या, म्हणजे तीन वर्षांच्या आतल्या, पत्रात '३१ ऑगस्टपर्यंत फेडीन' असे होते. म्हणून आम्ही पत्र हाच करार आणि बँकेतून दिलेली रक्कम हा त्याचा मोबदला, अशी मांडणी केली.

पहिल्या मसुद्यातले १८ टक्के व्याज मी आग्रहाने काढायला लावले, कारण पत्रात दर नव्हता आणि न ठरलेल्या व्याजाने बचावाच्या परवानगीला आयते कारण मिळते. दाव्यानंतरचे व्याज याच संहितेच्या कलम ३४ खाली मागितले. दावा क्रमांकाखाली आदेश ३७ चा उल्लेख आणि या आदेशाबाहेरची कोणतीही दाद मागितलेली नाही, हे स्पष्ट विधान विसरू नये. दहा दिवसांत प्रतिवादी हजर झाला, की निकालासाठीचे समन्स आपणच शपथपत्रासह काढावे लागते; ते बजावल्यापासून दहा दिवसांत त्याने बचावाची परवानगी मागायची असते.