मदत हवी आहे: गुलाबी बोंडअळीच्या गिचमिड नोट्स दोन रकान्यांत कशा बसवू?

पांढरकवड्याची_पोर
मी कृषी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सर एका विषयावरून दुसऱ्यावर जातात, मी जमेल तसं उतरवते. कापसावरच्या गुलाबी बोंडअळीच्या तासाच्या पानावर एवढंच आहे:

डोमकळी / सापळे हे. ५ / ८ पतंग ३ रात्री / हिरवी बोंडं १०% / फरदड नको!! / बोंडात शिरली की फवारा लागत नाही

डावीकडे अरुंद रकाना, उजवीकडे नोट्स आणि खाली सारांश, असं पान करायचंय. दोनदा केलं, पण डाव्या बाजूला नुसती मथळ्यांची यादी झाली. वाचून काही आठवत नाही. कुठं चुकतंय?

नुसता_विद्यार्थी
ताई, डावा रकाना तासातच भरायचा असतो. सर बोलतात तेव्हा डावीकडे महत्त्वाचा शब्द, उजवीकडे माहिती. घरी लिहायला बसलं की वेळ जातो.

वऱ्हाडी_मास्तर
भाऊ, पान आधीच आखून ठेवावं हे बरोबर, पण डावा रकाना तासात भरायचा नाही. तासात फक्त उजवी बाजू. कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी ही पद्धत मांडली, त्यातही डावी बाजू तास संपल्यावरच येते.

बाळा, तुझी अडचण रकान्याची नाही. तू मथळे लिहितेस, प्रश्न लिहीत नाहीस. 'डोमकळी' लिहिलं की डोळ्याला ओळखीचं वाटतं आणि मन म्हणतं, येतं मला. त्याऐवजी 'डोमकळी दिसली तर अळी कुठं आहे?' असं लिही. उजवी बाजू वहीच्या पुठ्ठ्याने झाक आणि मोठ्याने उत्तर दे. अडखळलीस तर ते अजून येत नाही.

ए-फोर पानावर डावीकडून ६ सेंमीवर उभी रेघ, खालून ५ सेंमीवर आडवी. जुनं पान शेजारी ठेव, पण ओळीने उतरवू नको. आधी त्या सहा तुकड्यांचे गट कर. मला तीन दिसतात: अळी आली हे कसं ओळखायचं, फवारणी कधी, आणि पुढच्या हंगामासाठी काय. डोमकळी पहिल्यात, सापळे, पतंग आणि हिरवी बोंडं दुसऱ्यात, फरदड म्हणजे हंगाम संपल्यावरही शेतात ठेवलेला कापूस, तो तिसऱ्यात. 'फवारा लागत नाही' हे दुसऱ्याचं कारण आहे, म्हणून तेही तिथंच.

आता उजवीकडे पूर्ण वाक्यं लिही. अळी पाकळ्या धाग्याने बांधून आत राहते, म्हणून फूल उमलत नाही, ती डोमकळी. हेक्टरी ५ कामगंध सापळे. एका सापळ्यात रोज ८ पतंग, सलग ३ रात्री, म्हणजे उपाय करायची वेळ. तुझ्या पानावर 'एका सापळ्यात' हे शब्दच नाहीत, आणि तिथंच आकडा फसतो. असं अर्धवट दिसलं की अंदाजाने भरू नको, लाल पेनने प्रश्नचिन्ह टाकून सरांना विचार.

एका गटाला एक प्रश्न, फार तर दोन. उत्तर एका शब्दात येत असेल तर प्रश्न फार लहान, अर्धं पान बोलावं लागलं तर तो फोड.

खाकी_स्वप्न
मीबी असंच करून रायलो, पोलीस भरतीसाठी. पन माझ्या गणिताच्या पानावर डावीकडे काय टाकू? नफा-तोट्याची उदाहरणं हायेत नुसती. उदाहरण झाकलं तं उत्तर पाठच हाय, समजलं का नाई काई कळत नाई.

वऱ्हाडी_मास्तर
गणितात डावीकडे 'ही रीत कधी लावायची?' लिही आणि आकडे बदलून सोडव. पण खरं सांगतो, लांब उदाहरणांना ही मांडणी अपुरी पडते. मी स्वतः त्यांची वेगळी वही ठेवतो.

हिशेबवाला
दोन रकाने म्हणजे जमा-नावे ना? डावीकडे जमा, उजवीकडे नावे, खाली बेरीज. दुकानात आम्ही तशीच वही ठेवतो.

पांढरकवड्याची_पोर
नाही दादा, हिशेबाची वही नाही, कॉलेजच्या नोट्सची.

मास्तर, केलं. डावीकडे तीन प्रश्न आले: 'डोमकळीत अळी कुठं असते?', 'फवारणी कोणत्या आकड्यावर ठरवायची, आणि उशीर झाला तर का उपयोग नाही?', 'फरदड घेतली तर अळीला काय मिळतं?' सारांश वही मिटून लिहिला:

'गुलाबी बोंडअळी आत लपते, म्हणून ती बोंडात शिरायच्या आत सापळे आणि डोमकळी पाहून ओळखावी लागते. फरदड ठेवली तर तिला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत खायला मिळतं आणि पुढच्या कापसात लवकर येते.'

तिसऱ्या प्रश्नाला अडखळले, तेव्हा कळलं की फरदडीचं कारण मी लिहिलंच नव्हतं. एका पानाला पाऊण तास लागला. अशी ४० पानं आहेत आणि परीक्षा २० दिवसांवर. सगळी करू?

वऱ्हाडी_मास्तर
सगळी नको. सारांश चांगला आहे, पण किडक्या हिरव्या बोंडांचा १०% चा आकडा त्यात नाही, तो दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात येतो का बघ. ज्या पानाचा सारांश वही मिटून दोन वाक्यांत सांगता येतो, ते पान जुनंच राहू दे, फक्त समासात प्रश्न टाक. जिथं बोलती बंद होते तेवढीच पानं नव्याने कर.

नुसता_विद्यार्थी
मला अजूनही वाटतं, तासात दोन शब्द डावीकडे टाकले तर घरी गट करायला सोपं जातं. मी करून बघतो आणि सांगतो.

पांढरकवड्याची_पोर
आज दहा पानं तोंडी तपासली. सहा सांगता आली, चार नाही. त्यातलं एक अळीच्या जीवनचक्राच्या आकृतीचं आहे. आकृती उजवीकडे काढू की अख्खं पान तिलाच देऊ?