प्रतिसाद: आर्ट सिल्क म्हणजे नेमकं काय?

> 'साडीच्या लेबलवर आर्ट सिल्क लिहिलंय. रेशमासारखीच ड्रायक्लीनला द्यायची का?'

यातला 'आर्ट' कलेचा नाही, आर्टिफिशियलचा! धागा बहुधा व्हिस्कोस रेयॉन किंवा पॉलिएस्टर असतो. पदराचा एक सुटा धागा चिमट्यात धरून जाळा. केस जळल्याचा वास आला तर अस्सल रेशीम, कागदाचा आला तर रेयॉन, वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर.

पॉलिएस्टर घरी खुशाल धुवा, फक्त इस्त्री कोमट ठेवा. रेयॉन मात्र फसवं: ओलं झालं की त्याची ताकद जवळपास निम्मी होते, म्हणून पिळू नका, टॉवेलात गुंडाळून पाणी टिपा. अस्सल रेशमाचं वैर कपड्याच्या सोड्याशी. ते प्रथिन असल्याने अल्कलीत खराब होतं. साडीला जरीकाम असेल तर मात्र ड्रायक्लीनच बरं.