मदत हवी आहे: पॅनिंगमध्ये बाबा स्पष्ट येतात, पण रिक्षाचा मागचा भाग हलतो

रिक्षावाल्याची_लेक

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरची. माझे बाबा गेली अनेक वर्षं रिक्षा चालवतात आणि पुढच्या महिन्यात ती विकायची ठरली आहे. त्याआधी मला त्यांचा चालत्या रिक्षातला एक फोटो हवा आहे, मोठा प्रिंट काढून घरात लावण्यासाठी. बाबा आणि रिक्षा स्पष्ट, मागची झाडं आणि दुकानांच्या पाट्या रेषांसारख्या ओढलेल्या, असा.

तीन सकाळी रंकाळ्याच्या बाजूला उभी राहून प्रयत्न केला. बाबा साधारण तीसच्या वेगाने माझ्यासमोरून रिक्षा नेतात, वळसा घालून परत येतात. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ लेन्स आहे, ती २४ वर ठेवते. शटर १/३०, एफ/११, आयएसओ १००, सात वाजताचा ऊन नसलेला उजेड. रिक्षा माझ्यापासून चारेक मीटरवरून जाते. फोकसचा चौकोन बाबांच्या चेहऱ्यावर धरते आणि रिक्षासोबत कॅमेरा नेत कमरेतून फिरते.

साठेक फोटोंमध्ये पाच-सहा असे आलेत की बाबांचा चेहरा छान आहे, मिशीचे केससुद्धा मोजता येतील. पण मागच्या चाकावरच्या पत्र्यावर पेंटरने रंगवलेलं आजीचं नाव आहे, ते प्रत्येक वेळी हललेलं येतं. वाचताच येत नाही. पुढचं चाकही थोडं हललेलं असतं, पण मागचा भाग जास्त. चेहरा स्पष्ट आहे म्हणजे माझा हात बरोबर फिरतोय ना? मग मागचा भाग का हलतो? मला ते नाव वाचता यायला हवं आहे.

नव्वद_एमएम

ताई, एफ/११ ला मागचं सगळं स्पष्टच येणार. ५० एमएम एफ/१.८ घ्या, स्वस्त मिळते. मागचं लोण्यासारखं वितळेल आणि शटर १/१००० ठेवलंत तर रिक्षाही पूर्ण स्पष्ट येईल.

रिक्षावाल्याची_लेक

धन्यवाद, पण मला तसं धूसर नको आहे. १/१००० ला रिक्षा उभी केल्यासारखी दिसते, चाकंसुद्धा थांबलेली. मला ती धावताना हवी आहे.

माळावरचा

भावकीतली आहेस, तर स्पष्टच सांगतो. लेन्सवरचं स्टॅबिलायझेशन बंद कर. तू कॅमेरा फिरवतेस आणि ते तो फिरू नये म्हणून धडपडतंय, त्यामुळेच मागचा भाग हलतोय. आणि ट्रायपॉड घे, डोकं सैल सोडून फिरव. मी शर्यतीचे फोटो काढतो, कायम बंदच ठेवतो.

संथ_शटर

माळावरचा यांचं म्हणणं काही लेन्सना लागू आहे. काही लेन्सवर पॅनिंगसाठी वेगळा मोड असतो, त्यात आडवी हालचाल सोडून दिली जाते आणि फक्त वरखाली सावरलं जातं. बऱ्याच लेन्स पॅनिंग चालू आहे हे स्वतःच ओळखतात. तुमची कशी वागते ते बघायला वीस फोटो चालू ठेवून आणि वीस बंद ठेवून काढा.

पण या तक्रारीचं मूळ तिथे नाही. स्टॅबिलायझेशन आडवं आलं असतं तर बाबांचा चेहराही गेला असता. ते एकाच फ्रेममध्ये चेहरा सोडून फक्त मागचं चाक हलवू शकत नाही. तुमचा हात चांगला फिरतोय. अडचण आहे ती तुम्ही रिक्षाच्या फार जवळ उभ्या आहात ही.

रिक्षा सरळ रेषेत जाते, तुम्ही मात्र एका जागी उभ्या राहून गोल फिरता. जो भाग बरोबर तुमच्या समोर असतो तो तुमच्या नजरेतून सगळ्यात वेगाने सरकतो. जो पुढे किंवा मागे तिरका आहे तो त्याच क्षणी थोडा हळू सरकतो. कॅमेरा एका वेळी एकाच वेगाने फिरू शकतो आणि तुम्ही तो बाबांच्या वेगाने फिरवताय. मग बाबा स्पष्ट, आणि त्यांच्यापासून जितकं लांब तितकं हललेलं. बाबा रिक्षात पुढे बसतात, म्हणून पुढचं चाक थोडक्यात वाचतं आणि मागचं जास्त बिघडतं.

तुमच्याच आकड्यांवर हिशेब करू. ताशी ३० किमी म्हणजे १/३० सेकंदात रिक्षा साधारण २८ सेंमी पुढे जाते. आजीचं नाव बाबांच्या मागे सव्वा मीटरवर आहे असं धरू. सव्वा मीटरला चार मीटरने भागा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा आणि २८ ने गुणा. उत्तर पावणेतीन सेंमीच्या आसपास येतं. म्हणजे ती अक्षरं पत्र्यावर पावणेतीन सेंमी फरपटल्यासारखी दिसणार. पेंटरच्या अक्षरांची रेघ सेंटीमीटरभर जाड असते, कशी वाचता येतील?

आता मागे सरकून रिक्षापासून दहा मीटरवर जा आणि तोच हिशेब करा. अर्ध्या सेंटीमीटरच्याही आत येतं. नाव वाचता येईल. लेन्स नवी नको, तुमचीच ५५ वर न्या. रिक्षा फ्रेममध्ये जवळपास आत्ताएवढीच राहील, जराशी लहान.

माळावरचा

पण दहा मीटरवर गेल्यावर कॅमेरा हळू फिरवावा लागणार. मग मागच्या रेषा आखूड होणार ना? त्यापेक्षा जवळ राहून मेहनत केलेली बरी.

संथ_शटर

हळू फिरतो हे बरोबर, पण ५५ वर तीच हालचाल फ्रेममध्ये मोठी दिसते. दोन्ही एकमेकांना जवळपास फेडतात. असं बघा: शटर उघडं असताना रिक्षा २८ सेंमी गेली, तर स्थिर असलेलं सगळं फ्रेममध्ये रिक्षाच्या मापाने २८ सेंमीच मागे ओढलं जातं. अंतर चार मीटर असो की दहा. रेषा वाढवायच्या तर बाबांना वेग वाढवायला सांगा किंवा शटर १/२० करा. मागे जाण्याने रेषांचं नुकसान होत नाही, फायदा होतो तो फक्त रिक्षाच्या टोकांना.

फलाटावरची

मला अगदी हाच त्रास रेल्वेचा होतो! स्टेशनवर उभी राहून धावणाऱ्या गाडीचं पॅनिंग केलं तर एकच खिडकी स्पष्ट येते, बाकी डबा वाहून गेलेला. मला वाटायचं कॅमेराच बिघडला. संपूर्ण डबा स्पष्ट येण्यासाठी किती लांब जायला हवं?

संथ_शटर

तुमचा डबा वीस मीटरच्या पुढचा, फलाटावरून अंतर चार-पाच मीटर. तिथून पूर्ण डबा मिळणारच नाही. शंभर मीटरवरच्या एखाद्या टेकाडावरून प्रयत्न करा, किंवा फक्त इंजिनाच्या खिडकीतल्या चालकावर समाधान माना. रुळांच्या जवळ मात्र जाऊ नका.

रिक्षाताई, मागे जायला जागा नसेल तर दुसरा मार्गही आहे. फोकसचा चौकोन चेहऱ्यावर न ठेवता बाबा आणि नाव यांच्या बरोबर मध्ये ठेवा, प्रवाशाच्या सीटजवळच्या दांड्यावर. तो दांडा तुमच्या थेट समोर येईल तेव्हाच दाबा. चार मीटरवरूनही दोन्हीकडे पाऊण सेंमीच्या आत हलेल. चेहऱ्याची मिशी थोडी मऊ होईल, पण नाव वाचता येईल. लवकर किंवा उशिरा दाबलंत तर मात्र हे गणित मोडतं, तिरक्या कोनात टोकांचा फरक झपाट्याने वाढतो.

अनघा_शिवणारी

मला कॅमेऱ्यातलं फार कळत नाही, पण यजमान सायकल स्पर्धांचे फोटो काढतात. ते नेहमी वळणाच्या आतल्या बाजूला उभे राहतात. गाडी आपल्याभोवतीच फिरली तर सगळा भाग सारख्याच वेगाने सरकतो, असं ते सांगतात.

संथ_शटर

ताई, हे अगदी बरोबर आहे. गाडी आपल्याला केंद्र धरून गोल फिरली तर पुढचं-मागचं सगळं एकाच वेगाने वळतं आणि हा दोष मुळातूनच जातो. एखाद्या मोकळ्या मैदानात बाबांना आठ-दहा मीटरच्या वर्तुळात चालवायला सांगून बघण्यासारखं आहे. पण रिक्षा तीन चाकांची आहे. आखूड वर्तुळात वेग कमीच ठेवावा लागेल, आणि वेग कमी म्हणजे रेषा आखूड. शिवाय मैदानात मागे ओढायला पाट्या कुठून येणार? मी स्वतः रिक्षावर हे केलेलं नाही.

माळावरचा

वर्तुळ नको, उलटेल. बाकी दहा मीटरचं म्हणणं पटलं, रविवारी मी पण करून बघतो. पण ताई, ऊन वर आल्यावर १/३० ला जाऊ नकोस. आयएसओ १०० ला एफ/२२ वर गेलीस तरी फोटो जास्त उजळ येईल, आणि एफ/२२ ला सेन्सरवरच्या धुळीचे काळे ठिपके आकाशात दिसतात. उजेड कमी करणारा एक एनडी ८ फिल्टर जवळ ठेव.

रिक्षावाल्याची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी गेले होते. फुटपाथवरून मागे सरकून बागेच्या कठड्याला पाठ लावून उभी राहिले, पावलांनी मोजलं तर नऊ-साडेनऊ मीटर. लेन्स ५५ वर, शटर १/३०. बाबांच्या बारा फेऱ्या झाल्या, नंतर ते म्हणाले, आता गॅस संपेल, बस कर.

पहिल्या चार फेऱ्यांत मध्ये फिरायला आलेली माणसं आणि दुचाक्या येत राहिल्या. जवळ उभी असताना हा प्रश्न नव्हता. नंतर दोन चांगले आले. एकात आजीचं नाव पहिल्यांदाच वाचता आलं, "पार्वती" मधला रफारसुद्धा दिसतो. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते मोठं करून बाबांना दाखवलं. ते काहीच बोलले नाहीत, नुसते बघत राहिले.

पण त्या फोटोत एक नवीन गोष्ट आहे. हेडलाइटच्या चमकेचा ठिपका आडवा किंवा गोल यायला हवा, तो बारीक वरखाली नागमोडी आलाय. बाबांच्या चष्म्यावरची चमकही तशीच. हे माझ्या हाताचं आहे का?

संथ_शटर

नाव आलं हे वाचून खूप बरं वाटलं. आडवी रेघ असती तर वेग चुकला असं म्हटलं असतं. वरखाली म्हणजे एकतर तुमचे हात, नाहीतर रस्ता. मागच्या दिव्याच्या खांबावर किंवा पाटीवर एखादी चमक असेल तर तिची रेघ बघा. तीही नागमोडी असेल तर हात हललाय, मग कोपरं अंगाला चिकटवा आणि मोनोपॉड लावून बघा. मागची रेघ सरळ आणि फक्त रिक्षावरची नागमोडी असेल तर रिक्षाच उसळतेय.

रिक्षावाल्याची_लेक

आत्ता पाहिलं. मागच्या पाटीवरची रेघ सरळ आहे.

माळावरचा

मग रस्ताच. त्या पट्ट्यात डांबर उखडलंय, मला माहीत आहे. चाळीस-पन्नास मीटर पुढे सपाट रस्ता आहे, पण तिथे मागे मोकळी भिंत आहे, रेषा नाही दिसायच्या. तुझं तू ठरव.

रिक्षावाल्याची_लेक

उद्या दोन्ही जागा बघते. बाबा म्हणतायत, आजीचं नाव परत नव्याने रंगवून घेतो, मग काढ.