पेपर छापून आला. पोस्टमध्ये 99% आधी लिहायचं की लिहायचंच नाही?

पहिलाच_पेपर:
गेल्या आठवड्यात माझा पहिला पेपर छापून आला. मोटरच्या कंपनांवरून बेअरिंग खराब झालंय का हे ओळखणारी मशीन लर्निंगची मॉडेलं असतात, त्यांचे 99% चे निकाल पुष्कळदा चाचणी घेण्याच्या पद्धतीमुळे येतात असं आम्ही दाखवलंय. चाचणी बदलली की आमच्याकडे तीच मॉडेलं सत्तरीच्या घरात आली. लिंक्डइनवर माझ्या ओळखीत एचआरवाले, कारखान्यातले लोक, दोन आत्या. त्यांना कळेल असं कसं लिहू? मित्र म्हणतो आकडा सगळ्यात आधी. गाईड म्हणतात आकडा टाकूच नकोस. सध्याचा मसुदा:

"कळवण्यास अत्यंत आनंद होतो की 'रोलिंग एलिमेंट बेअरिंगच्या दोषनिदानातील डेटा गळतीचे मूल्यमापन' हा आमचा शोधनिबंध प्रकाशित झाला आहे. सर्व सहलेखकांचे मनःपूर्वक आभार. लिंक खाली."

ब्रँडबुवा:
अभिनंदन! पण मसुदा म्हणजे लग्नपत्रिका झालाय. लिंक्डइन पहिल्या दोन-तीन ओळी दाखवतं आणि पुढची घडी घालतं. दाबून उघडली तरच बाकीचं दिसतं. तुझ्या त्या ओळींत आनंद, शीर्षक आणि आभार आहेत. काय सापडलं ते कुठेच नाही. मी असतो तर एवढंच लिहिलं असतं: "99% अचूक म्हणवणारी एआय मॉडेलं प्रत्यक्षात नापास!" आकडा बघून बोट थांबतं. मित्र बरोबर आहे.

जुना_कंपनवाला:
घडीबद्दल ब्रँडबुवा बरोबर बोलले, आकड्याबद्दल नाही. "प्रत्यक्षात" म्हणजे कुठे? ताई, तुम्ही कारखान्यात चाचणी घेतलीत का? माझा अंदाज, तुम्ही केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचा सार्वजनिक डेटा वापरला असणार. या विषयातले निम्मे विद्यार्थी तिथूनच सुरुवात करतात. त्यात 2 अश्वशक्तीची मोटर आहे आणि बेअरिंगवर ठिणग्यांनी मुद्दाम पाडलेले खड्डे. सगळ्यात लहान खड्डा 0.007 इंचाचा, म्हणजे मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. प्रयोगशाळेसाठी उत्तम. पण कारखान्यातलं बेअरिंग असं सुबक खड्डा पाडून खराब होत नाही. ते वंगण आटून, धूळ शिरून, वाकडं बसवल्यामुळे जातं. तेव्हा "प्रत्यक्षात नापास" हे तुमच्या पेपरनं दाखवलेलं नाही, आणि पेपरनं न दाखवलेलं पोस्टनं दाखवू नये.

पहिलाच_पेपर:
हो सर, तोच डेटा. कारखान्यात काहीच केलेलं नाही.

इम्पॅक्टप्रेमी:
जर्नल कोणतं? क्यू1 आहे का? इम्पॅक्ट फॅक्टर पहिल्या ओळीत टाका, लोक त्यावरच ठरवतात. आणि पुढच्या पेपरसाठी कुठे पाठवायचं ते मला विचारा.

जुना_कंपनवाला:
पेपर छापून झालाय हो. आणि त्यांच्या आत्यांना क्यू1 म्हणजे काय ते कुठे माहीत असणार?

उंदीरमामी:
माझं क्षेत्र वेगळं, पण हात पोळलेत म्हणून लिहिते. एका औषधावरचा आमचा पेपर आला तेव्हा मी उत्साहात "अमुक आजारावर नवी आशा" अशी सुरुवात केली. "उंदरांमध्ये" हा शब्द नवव्या ओळीत होता, म्हणजे घडीच्या आत. दोन दिवसांत इनबॉक्समध्ये रुग्णांचे नातेवाईक: औषध कुठे मिळेल, वडिलांना देता येईल का. प्रत्येकाला "अजून माणसांवर चाचणी नाही" असं लिहिताना जीव नको झाला. माझं एकही वाक्य खोटं नव्हतं, फक्त एक शब्द चुकीच्या ओळीत होता. तेव्हापासून माझा नियम: कशावर केलं, तो शब्द पहिल्याच वाक्यात.

ब्रँडबुवा:
मामी, आजाराची गोष्ट वेगळी. बेअरिंगचे नातेवाईक इनबॉक्समध्ये येत नाहीत. पहिल्याच वाक्यात पण-परंतु आलं की पोस्ट मेली.

उंदीरमामी:
तसं मलाही वाटायचं. 2014 साली बीएमजे या वैद्यकीय जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, ब्रिटिश विद्यापीठांच्या आरोग्यविषयक 462 प्रसिद्धिपत्रकांवर. त्यांतली जी प्राण्यांवरच्या संशोधनाची होती, त्यांतल्या 36% पत्रकांत थेट माणसांवर उडी मारणारी विधानं होती. गंमत म्हणजे फुगवलेल्या पत्रकांना जास्त बातम्या मिळाल्या, असा फारसा पुरावा निघाला नाही. म्हणजे फुगवूनही पदरात काही पडलं नाही.

ब्रँडबुवा:
पत्रकार आणि अंगठ्यानं सरकवणारा माणूस एक नाहीत. तो अभ्यास बातम्यांचा आहे, लिंक्डइनचा नाही.

उंदीरमामी:
हे मान्य. लिंक्डइनबद्दल तो काही सांगत नाही.

पहिलाच_पेपर:
सगळ्यांचं वाचून पुन्हा लिहिलं:

"विद्यार्थ्याला 100 पैकी 99 मिळाले, पण पेपर आधीच फुटला होता. बेअरिंगचा बिघाड ओळखणाऱ्या मॉडेलांचं नेमकं हेच होतंय, असं आमच्या नव्या संशोधनात दिसलं…"

ब्रँडबुवा:
वा! हे आत्यांनाही कळेल. टाक.

जुना_कंपनवाला:
थांबा. पेपर फुटला म्हटलं की कुणीतरी फोडला असणार, त्यात लबाडी आली. या विषयात ज्यांनी 99% छापले त्यांतले बहुतेक लबाड नाहीत. नेमकं काय होतं ते जरा जवळून बघा, म्हणजे उपमा आपोआप सापडेल.

एका बेअरिंगचं एक रेकॉर्डिंग साधारण 10 सेकंदांचं. सेकंदाला 12,000 नोंदी धरल्या तर सव्वा लाखाच्या आसपास नोंदी होतात. मॉडेलला एवढी लांब पट्टी देत नाहीत, तिचे 2048 नोंदींचे तुकडे करतात. मोटर मिनिटाला 1800 च्या आसपास फेरे घेते, म्हणजे एका तुकड्यात जेमतेम पाच फेरे. मग सगळे तुकडे पत्त्यांसारखे पिसून काही शिकवायला ठेवतात, काही तपासायला. इथेच घोळ होतो. शिकवायच्या तुकड्याला अगदी लागून असलेला तुकडा तपासणीत जातो. बेअरिंग तेच, खड्डा तोच, सेन्सर त्याच जागी चिकटवलेला, मधे सेकंदाचा पाचवा हिस्साही गेलेला नाही. काही जण तर तुकडे एकमेकांवर चढवून कापतात, म्हणजे काही नोंदी दोन्हीकडे सापडतात. मॉडेल बिघाड ओळखायला न शिकता ते विशिष्ट बेअरिंग ओळखायला शिकलं, तरी त्याला 99 पडणार.

हे पेपर फुटणं नव्हे. सरावाला दिलेलेच प्रश्न परीक्षेत घातले, असं आहे. चूक प्रश्नपत्रिका काढणाऱ्याची, आणि तीही बहुधा नकळत.

पहिलाच_पेपर:
हे पटलं. ज्यांच्या पद्धती आम्ही पुन्हा तपासल्या त्यांतले दोघे माझ्या ओळखीत आहेत, त्यांनी "फुटला" वाचलं असतं तर… बरं झालं विचारलं. आम्ही एका बेअरिंगचे सगळे तुकडे एकाच बाजूला ठेवले. तपासणीत आलेलं बेअरिंग मॉडेलनं कधीच पाहिलेलं नव्हतं.

जुना_कंपनवाला:
मग तुमचं खरं वाक्य हेच आहे: "न पाहिलेल्या बेअरिंगवर." हे तीन शब्दही कुणाला समजावून सांगावे लागणार नाहीत.

मेंटेनन्स_पाळी:
मी 99 पण बघत नाही आणि सत्तर पण नाही. मला एकच गोष्ट सांगा, हे यंत्र मला उगाच लाईन किती वेळा बंद करायला लावेल? समजा माझ्याकडे 1000 बेअरिंग आहेत आणि त्यांतली 10 खरंच गेलेली. 98% बरोबर सांगणारी पद्धत ती 10 जवळजवळ सगळी पकडेल. पण उरलेल्या 990 पैकी 2%, म्हणजे 20 चांगल्या बेअरिंगवरही बोंब मारेल. एकूण 30 अलार्म, त्यांतले 20 खोटे. चौथ्या खोट्या अलार्मनंतर माझी पोरं वायर काढून ठेवतात. तुमच्या पोस्टमध्ये याचं उत्तर असेल तर मी वाचेन.

ब्रँडबुवा:
भाऊ, हीच पोस्ट आहे! "30 अलार्म, 20 खोटे" हे शीर्षक.

पहिलाच_पेपर:
पण हे आमच्या पेपरमध्ये नाही. त्या डेटात चांगल्या बेअरिंगची रेकॉर्डिंग उलट कमी आहेत, बिघडलेल्यांची जास्त. कारखान्याच्या अगदी उलटं प्रमाण. त्यावरून खोट्या अलार्मचा आकडा काढला तर तो मीच बनवलेला होईल.

मेंटेनन्स_पाळी:
मग तेच लिहा की. "खोटे अलार्म किती येतील हे यातून कळत नाही." माझ्यासारख्याला तेवढं पुरतं. विकायला येणारा माणूस हे वाक्य कधीच बोलत नाही, म्हणून तुमच्या पोस्टवर विश्वास बसेल.

जुना_कंपनवाला:
मी हे वाक्य पोस्टमध्ये घालणार नाही. पेपरनं जे विचारलंच नाही त्याची यादी करत बसलो तर ती संपत नाही. कुणी कमेंटमध्ये विचारलं तर उत्तर द्यावं.

मेंटेनन्स_पाळी:
कमेंट वाचतो कोण.

पहिलाच_पेपर:
तिसरा मसुदा. आता आकडाही आहे, पण दोन्ही बाजूंनी:

"बेअरिंगचा बिघाड आवाजावरून ओळखणाऱ्या मॉडेलांना प्रयोगशाळेतल्या चाचणीत 99% मिळतात. आम्ही तीच मॉडेलं त्यांनी न पाहिलेल्या बेअरिंगवर तपासली, तेव्हा ती सत्तरीच्या घरात आली. फरक मॉडेलचा नाही, परीक्षेचा आहे: सरावातलेच प्रश्न परीक्षेत आले होते.

तुमच्या कारखान्यासाठी कुणी अशी प्रणाली विकायला आलं, तर एक विचारा: चाचणीतली बेअरिंग मॉडेलनं आधी पाहिली होती का?

आमचा डेटा एकाच प्रयोगशाळेतल्या मोटरचा आहे. प्रत्यक्ष यंत्रांवर किती खोटे अलार्म येतील, हे यातून कळत नाही."

मग सहलेखकांची नावं आणि डीओआयची, म्हणजे पेपरच्या कायमच्या पत्त्याची, लिंक.

उंदीरमामी:
छान. "प्रयोगशाळेतल्या" पहिल्याच वाक्यात आलं. पीडीएफ मात्र जोडू नका. मुक्त प्रवेशाचा पेपर नसेल तर प्रकाशकाची अंतिम प्रत टाकायला बहुधा परवानगी नसते, आपल्या मसुद्याच्या प्रतीचेही नियम असतात. डीओआयला कुणाची हरकत नाही.

ब्रँडबुवा:
लिंक पोस्टमध्ये नको, पहिल्या कमेंटमध्ये टाक. बाहेरच्या लिंकची पोस्ट लिंक्डइन दाबून ठेवतं.

इम्पॅक्टप्रेमी:
आता तसं काही राहिलेलं नाही.

ब्रँडबुवा:
माझ्या पोस्टांवर राहिलंय.

जुना_कंपनवाला:
लिंकचं तुम्ही दोघं भांडा. ताई, पहिल्या वाक्यात "आवाजावरून" लिहिलंय. सेन्सर कंपन मोजतो, मायक्रोफोन नाही.

पहिलाच_पेपर:
आत्यांसाठी सोपं केलं होतं!

मेंटेनन्स_पाळी:
थरथर लिहा. मिक्सर थरथरला की सगळ्यांना कळतं काहीतरी बिनसलंय.

पहिलाच_पेपर:
"थरथरीवरून" केलं. गाईडना पाठवलाय मसुदा. ते शेवटची ओळ काढायला सांगणार, मला माहितेय.