अपोस्टिल आधी, भाषांतर नंतर

> स्पेनसाठी जन्मदाखल्याचं भाषांतर आधी करून ठेवलं तर वेळ वाचेल का?

नाही, उलट पैसे जातील. अपोस्टिल म्हणजे दाखला परदेशात खरा मानला जावा म्हणून आपलं परराष्ट्र मंत्रालय देतं ते प्रमाणन. त्याचं स्टिकर मूळ दाखल्यावरच लागतं आणि भाषांतरात त्याचाही मजकूर यावा लागतो. आम्ही घाई केली नि दुसऱ्यांदा पैसे मोजले.

मुलीचा नाशिक महापालिकेचा दाखला आधी मुंबईला राज्य शासनाच्या साक्षांकनासाठी गेला, त्यात 9 दिवस गेले. परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल 4 दिवसांत झालं. मग स्पेनच्या परराष्ट्र मंत्रालयाची मान्यता असलेल्या शपथबद्ध भाषांतरकाराने 5 दिवस घेतले. आपल्याकडच्या नोटरीचा शिक्का मारलेलं भाषांतर तिथे चालत नाही.

आणि दाखला लॅमिनेट केला असेल तर महापालिकेतून नवी प्रत काढा. प्लास्टिकवर शिक्का कुठे मारणार?