शब्दचर्चा: वहीतलं ‘लागतं’ इंग्रजी उत्तरात कसं लिहायचं?

वहीतली रेघ
आमचा तास मराठीत होतो आणि पेपर इंग्रजीत. सर फळ्यावर सूत्रं लिहितात, बाकी सगळं तोंडी, आणि मी ते जमेल तसं टिपून घेते. घर्षणाच्या तासाला माझ्या वहीत एवढंच उतरलंय:

‘ठोकळा ५ किलो, g १०, μ ०.४ (सरकताना ०.३). २० घर्षण ला. १२ ने ओढला – नाही. २० च्या वर – सरकायला ला. मग १५.’

‘ला.’ म्हणजे लागणे. हा शब्द तासाला इतक्यांदा येतो की पूर्ण लिहायला हात पुरत नाही. चाचणीत विचारलं होतं, हाच ठोकळा आडव्या पृष्ठभागावर स्थिर आहे, १२ न्यूटनने आडवा ओढला तर त्याच्यावर किती घर्षण? मी वहीतलं वाक्य इंग्रजीत केलं: ‘अ फ्रिक्शन ऑफ ट्वेंटी न्यूटन ॲक्ट्स ऑन द ब्लॉक.’ मार्क शून्य. इंग्रजी वाक्यात तर मला काही चूक दिसत नाही. ‘लागणे’ला ‘ॲक्ट’ नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

पाटीपेन्सिल
सोपं आहे. लागणे म्हणजे ‘इज रिक्वायर्ड’. वेळ लागतो, पैसे लागतात, बल लागतं, सगळीकडे तेच. २० न्यूटन ‘लागतं’ म्हणजे तेवढ्याची गरज आहे. ‘ॲक्ट’च्या जागी ‘रिक्वायर्ड’ घाल, वाक्य बरोबर होईल.

मायबोलीप्रेमी
मला एक कळत नाही, ‘फ्रिक्शन’ आणि ‘ब्लॉक’ कशाला? घर्षण आणि ठोकळा असे चांगले शब्द असताना आपणच ते टाकून देतो. शिवाय ‘बल’पेक्षा ‘जोर’ हा जास्त आपला शब्द आहे.

वहीतली रेघ
काका, वहीत घर्षण आणि ठोकळाच लिहिलंय. पेपर इंग्रजीत आहे हो, तिथे माझा इलाज नाही.

लाल शाई
पेपर तपासण्यात बरीच वर्षं गेली. हे उत्तर मी इतक्यांदा वाचलंय की वही न बघताही ती मराठी आहे हे ओळखू येतं.

पाटीपेन्सिल, तुमचं निम्मं बरोबर आहे. ‘ठोकळा हलवायला २० च्या वर बल लागतं’ इथे ‘रिक्वायर्ड’ चपखल बसतं. पण ‘ठोकळ्यावर १२ चं घर्षण लागतं’ याचं ‘फ्रिक्शन इज रिक्वायर्ड ऑन द ब्लॉक’ करून बघा. कोणाला गरज आहे, कशासाठी? वाक्य कोसळतं. तिथे ‘ॲक्ट्स’च हवं. म्हणजे मुलीने निवडलेला शब्द मुळात चुकीचा नव्हता, तो चुकीच्या ‘लागतं’ला लावला.

तिच्या त्या दोन ओळींत निदान तीन ‘लागणे’ दडलेत. ते असे सोडवायचे.

क्रियापद कोणाशी जुळतं ते आधी बघ. ‘ठोकळा सरकायला लागतो’ यात ‘लागतो’ ठोकळ्याशी जुळतं, म्हणजे ठोकळा काहीतरी करू लागलाय: ‘द ब्लॉक बिगिन्स टू स्लाइड’. ‘ठोकळा सरकवायला बल लागतं’ यात ‘लागतं’ बलाशी जुळतं आणि आधी ‘-ायला’ आहे, म्हणजे हेतू आला: ‘अ फोर्स इज रिक्वायर्ड टू मूव्ह द ब्लॉक’. तिसरं, ‘ठोकळ्यावर घर्षण लागतं’. इथेही क्रियापद घर्षणाशीच जुळतं, पण ‘-ायला’ नाही, ‘-वर’ आहे. कशाचं तरी कशावर तरी काहीतरी चालू आहे: ‘फ्रिक्शन ॲक्ट्स ऑन द ब्लॉक’.

आता तुझी वही. ‘सरकायला ला.’ यात तू नेमका तो शेवटचा ‘तो’ की ‘तं’ खाल्लास, आणि अर्थ त्यातच होता. वर ‘सरकायला’ आणि ‘सरकवायला’ यांत घाईत एका ‘व’चाच फरक. बोलताना सर गोंधळले नसतील, ऐकताना तूही गोंधळली नसशील. घोटाळा कागदावर झाला.

वहीतली रेघ
बाप रे. पण मग ‘२० घर्षण ला.’ यात ‘-वर’ही नाही आणि ‘-ायला’ही नाही. ते कुठलं?

लाल शाई
तेच तर. ते दोन्ही होऊ शकतं, म्हणून ती ओळ तशी इंग्रजीत नेताच येत नाही. तिथे व्याकरण सोडून भौतिकशास्त्राकडे जावं लागतं.

वजन ५० न्यूटन, गुणिले ०.४, म्हणून २०. हा आकडा घर्षणाची कमाल मर्यादा सांगतो, ते प्रत्यक्षात किती आहे ते सांगत नाही. तू १२ ने ओढलास तर घर्षण १२ च असणार. ते २० असतं तर ठोकळा तुझ्या विरुद्ध दिशेला पळाला असता! हा प्रश्न स्वतःला विचारला असतास तर उत्तरपत्रिकेवरच चूक सापडली असती. सर बहुधा ‘जास्तीत जास्त २० पर्यंत घर्षण लागू शकतं’ असं म्हणाले असतील. वहीत ‘जास्तीत जास्त’ही गेलं, ‘पर्यंत’ही गेलं आणि ‘शकतं’ही गेलं. माझ्या बघण्यात मराठीतून टिपताना सगळ्यात आधी हेच शब्द गळतात, कारण ते आकड्यासारखे महत्त्वाचे वाटत नाहीत. इंग्रजी उत्तरात मार्क मात्र त्यांनाच असतात: ‘द मॅक्सिमम स्टॅटिक फ्रिक्शन इज ट्वेंटी न्यूटन’.

कीर्द-खतावणी
मी कॉमर्सचा, पण माझीही हीच रड. ‘बिलावर कर लागतो’ हे मी ‘टॅक्स इज रिक्वायर्ड’ लिहिलं होतं, पाहिजे होतं ‘इज लेव्हीड’. आणि ‘हिशोब लागला’चं काय करायचं हे मला दोन वर्षं कळलं नव्हतं. मी ‘अकाउंट इज अप्लाइड’ लिहायचो. शेवटी एका ताईंनी सांगितलं, ‘टॅलीज’ लिही.

पाटीपेन्सिल
हिशोबाचं मान्य, माझा ‘सगळीकडे’ मागे घेतो. पण ‘लावणे’चं काय? ‘आपण १२ चं बल लावतो’ आणि ‘१२ चं बल लागतं’ एकच ना?

लाल शाई
एकच नाही. लावणारा दिसतो तिथे ‘लावणे’, म्हणजे ‘वी अप्लाय’ किंवा दोरीबद्दल बोलत असू तर ‘द रोप एक्झर्ट्स’. लागणाऱ्या बलाला कर्ता लपवता येतो, म्हणून मराठी वाक्य पूर्ण वाटतं. परीक्षकाला मात्र कोणाचं बल, कशावर, हे दोन्ही हवं असतं. म्हणून रात्री वही उतरवून काढताना प्रत्येक ‘लागतं’च्या डोक्यावर पेन्सिलीने दोनच शब्द लिही, ‘कोणाचं’ आणि ‘कशावर’. इंग्रजी वाक्य त्यानंतर. दोन्ही रकाने भरता आले नाहीत तर ते बहुधा ‘रिक्वायर्ड’ किंवा ‘बिगिन्स’वालं ‘लागणे’ असतं.

सांजवात
मी एम.एस्सी. करतेय. मी ‘ॲक्ट्स ऑन’ऐवजी नेहमी ‘द ब्लॉक एक्सपिरियन्सेस अ फोर्स’ लिहिते. ‘ठोकळ्याला बल लागतं’ याच्या ते जास्त जवळ जातं, ‘मुक्का मार लागला’सारखं. कर्ता पण ठोकळाच राहतो, त्यामुळे पुढचं वाक्य सरळ जोडता येतं.

लाल शाई
पुस्तकांत ते सर्रास असतं, चूक म्हणणार नाही. पण ‘एक्सपिरियन्सेस’ लिहिलं की कोणाचं बल हे पुन्हा गुलदस्त्यात राहतं. मी मुलांना टाळायला सांगतो.

सांजवात
पुढे ‘ड्यू टू द सरफेस’ जोडलं की झालं. एवढ्यासाठी चांगलं क्रियापद टाकायचं मला पटत नाही.

वहीतली रेघ
मी आता असं लिहिलंय, बघाल का?

‘द मॅक्सिमम स्टॅटिक फ्रिक्शन इज ट्वेंटी न्यूटन. सिन्स द अप्लाइड फोर्स इज ओन्ली ट्वेल्व्ह न्यूटन, द ब्लॉक ट्राइज टू स्लाइड बट रिमेन्स ॲट रेस्ट. द फ्रिक्शन ॲक्टिंग ऑन इट इज ट्वेल्व्ह न्यूटन, ऑपोझिट टू द अप्लाइड फोर्स.’

‘ट्राइज’ कारण सर म्हणाले होते, ठोकळा सरकू बघतो.

लाल शाई
पूर्ण मार्क. फक्त ‘ट्राइज’ काढ, ठोकळ्याला इच्छा नसते. ‘सरकू बघतो’ला ‘टेंड्स टू स्लाइड’. हा शब्द लक्षात ठेव, स्थितिक घर्षणाची दिशा त्याच्यावरच ठरते. आणि ओढ बरोबर २० झाली की ठोकळा ‘सरकायच्या बेतात’ असतो, ते ‘ऑन द व्हर्ज ऑफ स्लायडिंग’. तिथे ‘बिगिन्स’ लिहायचं नाही. बेतात असणं वेगळं आणि सरकणं वेगळं.

पाटीपेन्सिल
आणि वहीतलं ‘मग १५’?

लाल शाई
सरकायला लागल्यावर ०.३ धरायचं, ५० गुणिले ०.३. समजा २५ ने ओढला तर घर्षण १५, उरलं १०, त्वरण २. इथे ‘मग’चं ‘देन’ करू नको. ‘वन्स द ब्लॉक इज इन मोशन’ असं लिही, कारण तो ‘मग’ वेळ सांगत नाही, अट सांगतो.

मायबोलीप्रेमी
‘बेतात’ला इंग्रजीत तीन-चार शब्द लागले, बघा.

कीर्द-खतावणी
हे ‘लागले’ रिक्वायर्डवालं!

वहीतली रेघ
पुढचा तास उताराचा झाला. वहीत लिहिलंय, ‘उतार वाढवला की ठोकळा आपोआप सरकायला लागतो.’ ‘लागतो’ या वेळी पूर्ण लिहिलंय, त्यामुळे ‘बिगिन्स टू स्लाइड’ जमलं. ‘आपोआप’पाशी अडलेय. ‘ऑटोमॅटिकली’ लिहिलं तर दार उघडल्यासारखं वाटतंय.

सांजवात
‘अंडर इट्स ओन वेट’.

पाटीपेन्सिल
‘बाय इटसेल्फ’ का नाही चालणार?

सांजवात
चालेल की. पण वर म्हणालेत ना, कोणाचं बल ते लिहायचं. ‘बाय इटसेल्फ’मध्ये ते कुठे दिसतं?